सी.टी. स्कॅनमधला ‘डाय’: पांढरे दिसते ते काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. करवीर तालुक्यातल्या एका गावचे, चोपन्न वर्षांचे शेतकरी आपल्या मुलाला आणि मेहुण्याला घेऊन आले. मुलाच्या हातात सी.टी. स्कॅनच्या फिल्मची मोठी पिशवी होती. मी विचारायच्या आत त्याने दोन फिल्म काढल्या आणि माझ्या टेबलामागच्या ट्यूबलाइटवर धरल्या. एक दहा दिवसांपूर्वीची, बिनडायची. दुसरी त्याच दिवशी सकाळी डाय देऊन काढलेली. पहिल्या फिल्मवर सगळे पोट राखाडी होते. दुसरीवर मात्र मणक्यापुढची मोठी रक्तवाहिनी, दोन्ही किडन्या, प्लीहा, यकृतातल्या नसा, सगळे पांढरेशुभ्र उजळले होते. आणि यकृतातल्या गाठीच्या कडेलाही पांढरे ठिपके उठले होते.

“धा दिवसात एवढं पांढरं झालं. पसरलंय व्हय वो, डॉक्टर?” शेतकऱ्याने विचारले. त्याचा आवाज खाली गेला होता. मेहुणा दाराकडे बघत उभा होता.

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला त्या रात्री पाऊण तास लागला. तेच उत्तर आज वाचकांसाठी जरा विस्ताराने लिहितो आहे, कारण फिल्म हातात आल्यावर ती उजेडाकडे धरून बघणारे आणि पांढरे दिसले की घाबरणारे लोक मला आठवड्यातून एकदा तरी भेटतात.

आधी या गाठीची हकीकत सांगतो. पोटात गॅस धरतो, जेवल्यावर जड वाटते, एवढीच मूळ तक्रार होती. मी सोनोग्राफी करायला सांगितली. पित्ताशय चांगले होते, पण यकृताच्या उजव्या भागात साडेचार सेंटिमीटरची एक गाठ दिसली. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिले होते की ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असावी, तरी सी.टी. करून खात्री करावी. घरच्यांनी त्यातला ‘गाठ’ हा एकच शब्द वाचला. मी चिठ्ठी लिहिली, आणि इथे माझी चूक झाली. मी फक्त ‘पोटाचा सी.टी. स्कॅन’ असे लिहिले. कशासाठी, डाय देऊन की न देता, कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे काहीच लिहिले नाही. सेंटरवर डायचा विषय निघाल्यावर मेहुण्याने हात जोडले. “साहेब, तेवढं डायचं नगं. आमच्या गावात एकाची किडनी गेली त्येनं.” पैसेही कमी लागत होते. साधा स्कॅन झाला. रिपोर्ट आला की यकृतात गाठ आहे, स्वरूप सांगता येत नाही, डाय देऊन पुन्हा तपासणी करावी. म्हणजे सोनोग्राफीत जे कळले होते त्यापेक्षा पुढे आम्ही एक पाऊलही गेलो नव्हतो.

मधल्या दहा दिवसांत घरात काय झाले ते मला नंतर कळले. मुंबईला न्यायचे ठरत होते. दहा गुंठे विकायची बोलणी झाली होती. कोणीतरी सुई घालून तुकडा काढायचा सल्लाही दिला होता. या शेवटच्या सल्ल्याकडे मी पुन्हा येणार आहे.

यंत्र काय मोजते?

सी.टी. स्कॅनचे यंत्र इंग्लंडमधील गॉडफ्रे हौन्सफील्ड या इंजिनिअरने बनवले. 1971 साली त्यावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले गेले आणि 1979 साली त्याला अॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्राची कल्पना तशी साधी आहे. रुग्ण मोठ्या गोल कड्याच्या मध्ये झोपतो. कड्यातली क्ष-किरणांची नळी त्याच्याभोवती फिरते आणि समोरच्या बाजूला किती किरण पोहोचले ते मोजले जाते. सर्व बाजूंनी मोजल्यावर शरीराच्या आतल्या प्रत्येक बारीक ठिकाणी किरण किती अडले याचा हिशेब संगणक करतो आणि त्या ठिकाणाला एक आकडा देतो. पाण्याला शून्य आणि हवेला उणे एक हजार, अशी मोजपट्टी हौन्सफील्डच्याच नावाने ओळखली जाते. चरबी साधारण उणे शंभर, यकृत पन्नास ते साठ, वाहते रक्त चाळीसच्या आसपास, हाड कित्येक शे. आकडा जितका मोठा तितका तो ठिपका पडद्यावर पांढरा. पांढरा म्हणजे वाईट नव्हे आणि काळा म्हणजे चांगला नव्हे. किरण जास्त अडले, एवढाच त्याचा अर्थ.

आता अडचण बघा. यकृताचा आकडा पन्नास-साठ, रक्ताचा चाळीस, आणि त्यातल्या गाठीचा चाळीसच्या आगेमागे. हजारोंच्या मोजपट्टीवर हा फरक अगदी किरकोळ आहे. बिनडायच्या फिल्मवर यकृत, त्यातल्या नसा आणि गाठ हे सगळे एकाच राखेत बुडल्यासारखे दिसते ते यामुळेच.

डाय म्हणजे रंग नव्हे

डाय म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर रंगपंचमी येते. प्रत्यक्षात बाटलीतले औषध पाण्यासारखे स्वच्छ, किंचित चिकट असते. आपल्या डोळ्यांना ते रंगहीन, फक्त क्ष-किरणांना ते ‘रंगीत’. त्याचे कारण आयोडीन. आपले मांस, रक्त, चरबी मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजनची बनलेली असते. हे हलके अणू. हायड्रोजनमध्ये एक इलेक्ट्रॉन, कार्बनमध्ये सहा, ऑक्सिजनमध्ये आठ. आयोडीनच्या अणूत ते त्रेपन्न असतात, आणि त्यातले अगदी आतले इलेक्ट्रॉन ज्या बळाने बांधलेले असतात ते सी.टी.च्या किरणांच्या ताकदीशी जुळणारे असते. त्यामुळे हे किरण आयोडीनपाशी आले की त्यातले बरेचसे तिथेच शोषले जातात. हाड पांढरे दिसते तेही त्यातल्या कॅल्शियममुळे. पण कॅल्शियममध्ये इलेक्ट्रॉन वीसच, म्हणून किरण अडवण्यात आयोडीन कितीतरी पुढे आहे.

हा गुण डॉक्टरांना कळला तो अपघाताने. त्या काळी गुप्तरोगावर सोडियम आयोडाइड भरपूर प्रमाणात देत असत. असे औषध घेतलेल्या रुग्णांचे मूत्राशय एक्स-रेवर दिसते, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधल्या डॉ. ऑस्बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1923 साली प्रसिद्ध केले. नुसते आयोडाइड विषारी ठरत असे, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी आयोडीनला कार्बनच्या कड्याला घट्ट बांधून टाकले. आजच्या डायच्या एका रेणूत असे तीन आयोडीन अणू असतात. नेहमीच्या डायच्या एका मिलिलिटरमध्ये 300 मिलिग्रॅम आयोडीन असते आणि पोटाच्या तपासणीला 80 ते 100 मिलिलिटर डाय लागतो. म्हणजे जवळजवळ 30 ग्रॅम आयोडीन. आपल्याला आयोडीनयुक्त मिठातून दिवसाला अवघे 150 मायक्रोग्रॅम लागते. हिशेब केला तर ही साडेपाचशे वर्षांची बेगमी झाली! ते रेणूत बांधलेले असते आणि किडनीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते, म्हणूनच ते चालते. तरीही त्यातले थोडेसे सुटे असते, म्हणून ज्यांची थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते त्यांनी ते आधी सांगायला हवे.

एक मिलिलिटर रक्तात किंवा मांसात एक मिलिग्रॅम आयोडीन पोहोचले की हौन्सफील्डचा आकडा साधारण पंचवीसने वाढतो. यकृत पन्नासने उजळायला तिथे मिलिलिटरमागे फक्त दोन मिलिग्रॅम आयोडीन पुरते. शेतकऱ्याच्या मुलाला मी हेच सांगितले. फिल्मवर जो पांढरा उजेड दिसतो तो रोगाचा नाही, रक्ताचा आहे. जिथे रक्त जास्त तिथे आयोडीन जास्त, आणि जिथे आयोडीन जास्त तिथे पांढरे जास्त. तुझ्या वडिलांच्या किडन्या एवढ्या पांढऱ्या दिसतात, कारण त्यांना रक्त भरपूर मिळते.

राधानगरीचे पाणी

पण रक्त पोहोचायला वेळ लागतो, आणि डायचे सगळे मर्म या वेळेतच आहे.

कोल्हापूरकरांना हे सांगायला सोपे आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपण लगेच राजाराम बंधाऱ्यावर जाऊन पाणी किती वाढले ते बघत नाही. भोगावतीचे पाणी पंचगंगेला मिळून इथवर यायला काही तास जातात. लवकर गेलात तर वाटेल पाणी सुटलेच नाही. दोन दिवसांनी गेलात तर पूर येऊन गेलेला असेल. शरीरात हेच तासांऐवजी सेकंदांत घडते.

कोपराच्या शिरेत जाड सुई बसवून यंत्राच्या दाबाने दर सेकंदाला तीन ते चार मिलिलिटर डाय सोडतात. तो हृदयात जातो, फुफ्फुसातून फिरून येतो आणि महाधमनीत उतरतो. साधारण तीस-पस्तीस सेकंदांनी पोटातल्या धमन्या ऐन भरात असतात. या वेळी काढलेल्या चित्राला धमनीची अवस्था म्हणतात. यकृत मात्र तेव्हा फारसे उजळलेले नसते, आणि हीच गंमत आहे. यकृताला दोन ठिकाणांहून पाणी येते. पाव हिस्सा थेट धमनीतून, आणि तीन चतुर्थांश पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून. ही शीर आतडी आणि प्लीहा फिरून आलेले रक्त यकृतात आणते. एका शेताला विहीर जवळ आहे पण पाणी थोडे, आणि कालवा लांबून फिरून येतो पण पाणी भरपूर, तसे हे. कालव्याचे पाणी पोहोचते सत्तर सेकंदांच्या आसपास. तेव्हा सगळे यकृत सारखे उजळते. नंतर तीन ते पाच मिनिटांनी डाय सगळीकडे पसरून हळूहळू ओसरू लागतो, त्या वेळी पुन्हा चित्र घेतात.

आता यकृतात कर्करोगाची गाठ असली, विशेषतः यकृतातच उगवलेली, तर ती बहुधा आपले पाणी विहिरीवरून घेते. म्हणजे तिला रक्त मुख्यतः धमनीतून मिळते. ती पस्तीस सेकंदांना आजूबाजूच्या यकृताआधी उजळते. पुढे कालव्याचे पाणी येऊन यकृत पांढरे होते तेव्हा गाठीतला डाय निघून गेलेला असतो आणि ती काळसर दिसू लागते. आधी उजळणे आणि मग विझणे, ही तिची खूण. मधल्या कुठल्यातरी क्षणी मात्र गाठ आणि यकृत दोन्ही सारखेच राखाडी असतात. नेमके तेव्हाच एकुलते एक चित्र काढले तर पाच सेंटिमीटरची गाठही डोळ्यांदेखत निसटू शकते. ‘डाय देऊन स्कॅन केला, काही नाही’ असे सांगणाऱ्याला मी म्हणून विचारतो की किती अवस्थांमध्ये केला. यकृतातल्या गाठीच्या प्रश्नासाठी एकच अवस्था पुरत नाही.

आमच्या शेतकऱ्याच्या गाठीने काय केले ते आता बघू. दुसऱ्या चिठ्ठीवर मी ‘यकृतात साडेचार सेंटिमीटरची गाठ, रक्तवाहिन्यांची आहे की अन्य काही, सर्व अवस्थांमध्ये तपासावे’ असे लिहिले होते. साध्या चित्रात यकृताचा आकडा 56 आणि गाठीचा 38 होता, म्हणजे गाठीतले रक्त साध्या रक्तासारखेच. धमनीच्या अवस्थेत महाधमनी 290 वर गेली. यकृत 66, अजून झोपलेलेच. गाठीचा मध्य काळाच, पण तिच्या कडेला तीन-चार ढेकळांसारखे ठिपके उठले होते आणि त्यांचा आकडा धमनीच्या जवळपास होता. सत्तर सेकंदांना यकृत 112 वर आले. ठिपके वाढून आतल्या बाजूला सरकले होते. पाच मिनिटांनी गाठ जवळपास पूर्ण भरली आणि तिचा आकडा 104 आला, तेव्हाच्या महाधमनीइतकाच. यकृत मात्र 92 वर उतरले होते.

कडेकडून आत भरत जाणारी, प्रत्येक वेळी रक्तवाहिनीइतकीच उजळणारी आणि शेवटपर्यंत न विझणारी गाठ ही हेमॅन्जिओमा असते. स्पंजासारख्या पोकळ्यांमध्ये संथ फिरणाऱ्या रक्ताची गाठ. पुष्कळ लोकांच्या यकृतात ती आयुष्यभर असते आणि सोनोग्राफी होईपर्यंत कोणाला माहीतही नसते. तिला औषध लागत नाही, ऑपरेशन तर बहुतेकदा नाहीच. गॅसशी तर तिचा काही संबंधच नव्हता. आणि जे लोक सुई घालून तुकडा काढा म्हणत होते, त्यांचा सल्ला ऐकला असता तर रक्ताच्या या पिशवीत सुई गेली असती आणि पोटात रक्तस्राव व्हायचा धोका होता. आठवडाभर अंगणात बसून जो निर्णय चालला होता, तो सुरुवातीलाच योग्य चिठ्ठी लिहिली असती तर कुणी घ्यायची वेळच आली नसती. हे मी त्यांच्यासमोर कबूल केले.

या खुणा नेहमी इतक्या स्वच्छ नसतात हेही सांगून टाकतो. एक सेंटिमीटरहून लहान हेमॅन्जिओमा एकदम उजळून मोकळी होते आणि कर्करोगाच्या गाठीसारखी भासते. फार मोठी असली तर मध्ये व्रण असतो आणि तो भाग भरतच नाही. रुग्णाला पूर्वी कावीळ ‘बी’ किंवा ‘सी’ झालेली असेल, यकृत आकसलेले असेल किंवा दुसरीकडे कुठे कर्करोग झालेला असेल तर तेच चित्र जास्त संशयाने वाचावे लागते. शंका राहिली तर एम.आर.आय. करतात. आमच्या शेतकऱ्याला यांपैकी काही नव्हते.

फिल्म बघणाऱ्यांसाठी एक सोपी खूण. किडनीकडे बघा. साल पांढरी आणि गाभा काळसर दिसत असेल तर ते चित्र धमनीच्या अवस्थेतले आहे. साल आणि गाभा सारखे पांढरे असतील तर सत्तर-ऐंशी सेकंद उलटले आहेत. किडनीच्या मध्यभागी लघवीची जागा चकचकीत पांढरी असेल तर बरीच मिनिटे गेलेली आहेत. धमनीच्या अवस्थेत प्लीहेवर वाघासारखे पट्टे दिसतात. तेही निरोगी असते, प्लीहेत रक्त वेगवेगळ्या गतीने वाहते म्हणून. हे पट्टे बघून घाबरलेले लोकही मला भेटले आहेत.

बिनडायचे काय?

मग साधा स्कॅन निरुपयोगी का? मुळीच नाही. काही प्रश्नांना साधाच हवा. डोक्याला मार लागला किंवा अर्धांगाचा झटका आला की पहिला स्कॅन बिनडायचाच काढतात. ताज्या गोठलेल्या रक्ताचा आकडा साठ ते ऐंशी, मेंदूचा तीस-चाळीस. रक्तस्राव झाला असेल तर तो न बोलता पांढरा दिसतो. आधीच डाय दिला तर पांढरे आहे ते रक्त की डाय, हा नवा घोळ होतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही हे या एका चित्रावर ठरते, आणि वेळ मिनिटांत मोजायची असते. उलट, रक्तपुरवठा बंद पडून आलेल्या झटक्यात सुरुवातीच्या काही तासांत साधा स्कॅन अगदी निर्दोष दिसू शकतो. ‘स्कॅन चांगला आला’ म्हणून रुग्णाला घरी नेऊ नये.

मूतखड्याचेही तसेच. खडा मुळातच पांढरा, आणि डाय मूत्रनलिकेत उतरला की तोही पांढरा. दुधात मीठ शोधण्यासारखे होते. म्हणून खड्यासाठी साधा स्कॅन उत्तम. पित्ताशयातल्या खड्यांसाठी तर सी.टी.च नको, सोनोग्राफी चांगली.

याउलट, काही वेळा जे पांढरे होत नाही तीच बातमी असते. स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊन त्याचा काही भाग मेला असेल तर डाय दिल्यावर तो भाग काळाच राहतो, कारण तिथे रक्त पोहोचत नाही. फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली असेल तर पांढऱ्या नळीत काळी मेख बसल्यासारखी दिसते. साध्या स्कॅनमध्ये या गोष्टी बहुतेकदा दिसतच नाहीत.

किडनीची भीती

आता मेहुण्याच्या भीतीकडे. ती अगदी निराधार नव्हती, पण तिच्याएवढी मोठीही नव्हती. डाय किडनीवाटे बाहेर जातो. किडनी चांगली असेल तर दोनेक तासांत निम्मा निघून जातो आणि दिवसभरात जवळजवळ सगळा. डायने किडनी बिघडते ही समजूत डायच्या जुन्या, जास्त तीव्र औषधांच्या काळात घट्ट बसली. स्वीडनमधील डॉ. टॉर्स्टन आल्मेन यांनी 1960 च्या दशकाअखेर त्या तीव्रतेवर उपाय सुचवला, आणि आज वापरतात तो सौम्य डाय त्यातूनच पुढे आला. अलीकडच्या अभ्यासांतून असेही दिसले आहे की पूर्वी डायच्या नावावर टाकलेले किडनीचे पुष्कळसे नुकसान मूळ आजाराचेच होते. तरीही क्रिएटिनिन वाढलेले असेल, त्यावरून काढलेली किडनीची क्षमता तीसच्या खाली असेल किंवा किडनी नुकतीच बिघडलेली असेल तर जपावेच लागते. अशा वेळी आधी-नंतर सलाईन देतात, किंवा डायशिवाय काम होते का ते बघतात. म्हणून सेंटरवाले क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट मागतात. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर तेही सांगा. किडनी कमजोर असेल तर ती अठ्ठेचाळीस तास बंद ठेवतात. आमच्या शेतकऱ्याचे क्रिएटिनिन 0.9 होते. त्या गावकऱ्याच्या किडनीबद्दल मेहुण्याला विचारले तेव्हा कळले की तो गृहस्थ आधीच वर्षभर डायलिसिसच्या उंबरठ्यावर होता.

दुसरी भीती अॅलर्जीची. बांगडा किंवा कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठते, म्हणजे डाय चालणार नाही, असे बरेच जण सांगतात. माशाची अॅलर्जी त्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. आयोडीनचीच अॅलर्जी असती तर मिठानेही उठली असती. महत्त्वाचे आहे ते पूर्वी डायमुळेच त्रास झाला होता का, हे, आणि दमा आहे का, हे. जपानमध्ये तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, जी 1990 साली प्रसिद्ध झाली, सौम्य डायने गंभीर त्रास दहा हजारांत चौघांना झाला. जुन्या डायने तो दहा हजारांत बावीस जणांना झाला होता. थोडा डाय टोचून आधी ‘टेस्ट’ घेतली तर भरवसा धरू नका. टेस्ट ठीक आली तरी पुढे त्रास होऊ शकतो, आणि कधी टेस्टच्या थेंबानेही होतो. म्हणून डाय जिथे देतात तिथे डॉक्टर आणि अॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी हवे, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात ते उगीच नाही.

टेबलावर झोपल्यावर काय वाटते ते सांगतो, कारण कोणी आधी सांगत नाही आणि माणसे घाबरतात. डाय गेला की अंगभर गरम लाट येते, तोंडात नाण्यासारखी चव येते आणि कपड्यात लघवी झाली की काय असे वाटते. लघवी झालेली नसते. मिनिटभरात सगळे जाते. सुईच्या जागी मात्र जोरात आग झाली किंवा सूज आली तर लगेच ओरडून सांगावे. डाय शिरेबाहेर झिरपला असण्याची शक्यता असते.

राहिला किरणांचा प्रश्न. तीन-चार अवस्थांत स्कॅन केला की किरण तितक्या पटीने वाढतात. पोटाच्या एका अवस्थेलाच साधारण काही वर्षांच्या नैसर्गिक किरणांइतके पडतात. म्हणूनच खडा शोधायला चार अवस्था करणे चूक, आणि यकृताच्या गाठीला एका अवस्थेवर भागवणे हीही चूक. दुसरी चूक केली की स्कॅन पुन्हा करावा लागतो, आणि किरण आणि पैसे दोन्ही दुप्पट जातात. आमच्या शेतकऱ्याचा पहिला स्कॅन त्यातलाच, त्याचा खर्च त्यांनी भरला आणि चूक माझ्या चिठ्ठीची होती. तेव्हापासून मी चिठ्ठीवर प्रश्न लिहितो. वाचकांनीही डॉक्टरांना ‘यात नेमके काय बघायचे आहे ते चिठ्ठीवर लिहा’ असे मोकळेपणाने म्हणावे. माझ्या अनुभवात त्याचा राग क्वचितच कोणाला येतो.

त्या रात्री सगळे सांगून झाल्यावर शेतकऱ्याने दोन्ही फिल्म पुन्हा उजेडाकडे धरल्या. “म्हंजे ह्यो पांढरा दिवा माझ्या रक्ताचा,” तो म्हणाला, “आनि ही गाठ रक्ताची पिशवी.” मग मेहुण्याकडे वळून, “त्या दहा गुंठ्यांचं बोलणं मोडून टाक बघू.”

सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली. गाठ साडेचार सेंटिमीटरचीच होती. गॅसची तक्रारही होतीच, कारण चहा अजून दिवसाला सहा कप चालू होता.